‘ते सुटलं’ की ‘मी सोडलं’: डिमेन्शिया रुग्णांची काळजी घेणाऱ्यांच्या मुलाखतींचं थीमॅटिक विश्लेषण, पायरी पायरीने

एम.एस्सी. नर्सिंग, एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्राच्या प्रबंधांत डिमेन्शियाच्या काळजीवाहकांवरचं गुणात्मक संशोधन वाचायला घेतलं की बऱ्याचदा शेवटी चार थीम सापडतात: शारीरिक ताण, मानसिक ताण, आर्थिक ताण, सामाजिक ताण. बारा बायकांनी तासतासभर बोलून जे सांगितलं ते या चार डब्यांत भरलेलं असतं. पण हे चार डबे पहिली मुलाखत घ्यायच्या आधीही माहीत होते. त्यासाठी कुणाच्या घरी जाऊन, चहा घेऊन, कुणाला रडवायची गरज नव्हती.

हा लेख त्या डब्यांपासून दूर कसं जायचं याबद्दल आहे. पायऱ्या नेहमीच्याच आहेत. ऑकलंडच्या व्हर्जिनिया ब्राउन आणि ब्रिस्टलच्या व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ साली मांडलेले सहा टप्पे आज जगभर वापरले जातात: मजकुराशी ओळख, मजकुराच्या तुकड्यांना छोटी नावं म्हणजे कोड देणं, थीम उभ्या करणं, त्या तपासणं, त्यांची व्याख्या आणि नाव ठरवणं, आणि लिहिणं. या टप्प्यांची नावं पाठ असूनही काम फसतं, कारण प्रत्येक टप्प्यावर हाताने नेमकं काय करायचं हे कुणी दाखवत नाही. म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवते.

उदाहरणातला अभ्यास आणि त्यातली वाक्यं मी या लेखासाठी रचली आहेत. खऱ्या मुलाखतीतली वाक्यं संमती नसताना इथे देणं बरोबर नाही. समजा, घरी डिमेन्शिया असलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या बारा जणांच्या मुलाखती झाल्या आहेत: सहा सुना, चार पत्नी, एक मुलगी, एक मुलगा. संशोधनाचा प्रश्न असा: काळजीची जबाबदारी आपल्यावर कशी आली, हे ही माणसं कसं सांगतात? प्रश्न मुद्दाम अरुंद ठेवला आहे. ‘काळजीवाहकांचे अनुभव’ हा प्रश्न इतका रुंद आहे की त्याचं उत्तर ताणाचे चार डबे हेच निघणार.

सुरुवातीलाच ठरवायची एक गोष्ट

थीमॅटिक विश्लेषण ही एकच पद्धत नाही. एका प्रकारात कोडची यादी आधी पक्की करतात, दोन माणसं स्वतंत्रपणे कोड देतात आणि त्यांचं किती जुळलं हे आकड्यात मोजतात, बहुधा कोहेनचा कापा या सहमतीच्या मापाने. दुसऱ्या प्रकारात, ज्याला ब्राउन आणि क्लार्क २०१९ पासून ‘रिफ्लेक्सिव्ह’ म्हणतात, कोड वाचता वाचता तयार होतात आणि बदलतात. तिथे वाचणाऱ्याची नजर हा दोष मानत नाहीत. विश्लेषण त्या नजरेनेच होतं, असं धरलं जातं. दोघांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे. तिच्यात कोडची चौकट असते, पण ती वाटेत बदलता येते.

प्रबंधात घोळ होतो तो इथे. पद्धतीच्या प्रकरणात ‘रिफ्लेक्सिव्ह’ लिहायचं आणि पुढच्याच परिच्छेदात ‘दोन कोडरमधली सहमती ०.८२ होती’ असं लिहायचं. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. कोड ही मजकुरात आधीपासून दडलेली वस्तू आहे असं मानलं, तरच दोघांना तीच सापडली का हे मोजण्यात अर्थ आहे. गाइडने किंवा समितीने सहमतीचा आकडा मागितलाच तर आधीच पहिला प्रकार निवडा, किंवा आकडा का देत नाही ते दोन वाक्यांत लिहा. कोरेक नावाची ३२ कलमी तपासणी-यादी (२००७) बरीच नियतकालिकं मागतात. तिच्यात कोडर किती होते आणि सॅच्युरेशन झालं का, म्हणजे मुलाखतींतून नवं काही निघेनासं झालं का, ही कलमं आहेत. तिथे खोटी उत्तरं भरण्यापेक्षा ‘या पद्धतीला लागू नाही’ असं कारणासह लिहिलेलं चालतं.

मी या लेखात दुसरा, रिफ्लेक्सिव्ह प्रकार धरला आहे.

ट्रान्स्क्रिप्ट: इथेच निम्मं विश्लेषण होतं

तासाभराच्या रेकॉर्डिंगला टाइप करायला मला सहा ते आठ तास लागतात. हे काम बाहेर दिलं तर वेळ वाचतो, पण मग रेकॉर्डिंग ऐकत ट्रान्स्क्रिप्ट ओळीने तपासायला हवंच. टाइप करणारे लोक सवयीने भाषा ‘शुद्ध’ करतात. ‘करावं लागतंय’चं ‘करावे लागते’ होतं, ‘म्या केलं’चं ‘मी केले’ होतं, आणि थांबणं, हसणं, हुंदका हे सगळं गळून पडतं. मुलाखत मराठीत झाली असेल तर ट्रान्स्क्रिप्टही मराठीतच हवं, आणि कोडही आधी मराठीतच द्यावेत. सरळ इंग्रजीत टाइप करून घेतलेल्या ट्रान्स्क्रिप्टवर काम करू नका. त्याने काय हरवतं ते पुढे दिसेलच.

घरातल्या मुलाखतीत खोलीत कोण होतं हे लिहिलंच पाहिजे. ‘सगळे मदत करतात हो’ हे वाक्य ती एकटी असताना म्हणाली की नवरा पाण्याचा ग्लास घ्यायला आत आल्यावर म्हणाली, यावर त्या वाक्याचा अर्थ ठरतो. मी चौकटी कंसात टिपते: [नवरा आत आला], [आतून हाक]. विराम आणि हसणं गोल कंसात.

उदाहरणातला उतारा असा. मुलाखत क्रमांक ४, सून, वय ४७, सासूबाई ७८ वर्षांच्या.

> मुलाखतकार: हे सगळं तुम्ही बघायचं, हे कसं ठरलं?
>
> सून: ठरलं असं नाही काही. (थांबते) मी घरातच असते ना. शिवणकाम करायचे आधी, ब्लाउज वगैरे, ते सुटलं. ह्यांची नोकरी, दीर मुंबईला. मग करावंच लागतं. आपलंच माणूस आहे. [आतून हाक: “आई, ए आई”] मला बोलावतायत. मला आई म्हणतात आता. (हसते) तेवीस वर्षं झाली लग्नाला, एवढ्या मायेने कधी हाक मारली नव्हती.

वाचणं, आणि स्वतःला पकडणं

कोड द्यायला बसण्याआधी सगळ्या बारा मुलाखती एकदा वाचून काढा. शक्य असेल तर एकदा नुसत्या ऐका. या वेळी समासात कोड लिहायचे नाहीत. वेगळ्या वहीत टिपणं करायची: काय खटकलं, काय परत परत येतंय, आणि मला स्वतःला काय झालं.

शेवटचा भाग लोक टाळतात. रिफ्लेक्सिव्हिटीच्या नावाखाली ‘संशोधक स्वतः परिचारिका असून तिला या क्षेत्राचा अनुभव आहे’ एवढं वाक्य लिहून मोकळे होतात. ते ओळखपत्र झालं. उपयोगी टिपण असं असतं: ‘मुलाखत ४ वाचताना मला नवऱ्याचा राग आला. तिच्या बोलण्यात राग नाही. राग माझा आहे.’ हे टिपण पुढे वाचवतं. ते नसेल तर महिन्याभराने त्या उताऱ्याला ‘नवऱ्याबद्दलची नाराजी’ असा कोड दिला जातो, आणि तो आपण तिच्या तोंडी घातला हे कळतही नाही.

कोड देणं

कोड म्हणजे उताऱ्याच्या एका तुकड्याला दिलेलं छोटं नाव. त्याने दोन कामं करायची असतात: त्या तुकड्यात आपल्या प्रश्नासाठी काय आहे ते पकडायचं, आणि उतारा समोर नसतानाही ते आठवून द्यायचं. याची सोपी परीक्षा आहे. उतारा हाताने झाका आणि कोड वाचा. ती काय म्हणाली याचा अंदाज आला तर कोड चांगला. ‘थकवा’, ‘ताण’, ‘कुटुंब’ हे कोड या परीक्षेत नापास होतात, कारण ते कुठल्याही मुलाखतीतल्या कुठल्याही पानावर चिकटवता येतात.

वरच्या उताऱ्याला मी दिलेले कोड, कारणांसह:

‘ठरलं असं नाही काही’ याला कोड: ठरवण्याचा क्षणच नाही. प्रश्न ‘कसं ठरलं’ असा होता. तिने प्रश्नातलं क्रियापदच नाकारलं.

‘मी घरातच असते ना’: घरात असणं हेच कारण. वाक्याच्या शेवटचा ‘ना’ महत्त्वाचा आहे. हे उघडच आहे, विचारायचं काय त्यात, असा त्याचा सूर आहे.

‘शिवणकाम करायचे आधी, ते सुटलं’: इथे सगळ्यात जास्त वेळ थांबले. ती ‘सोडलं’ म्हणाली नाही, ‘सुटलं’ म्हणाली. मराठीत ‘सोडलं’ला सोडणारा लागतो. ‘सुटलं’ला लागत नाही. गाठ सुटते, बस सुटते, काम सुटतं. ती शिलाईतून कमावत होती, तरी ‘मी घरातच असते’ म्हणते, म्हणजे घरात बसून केलेली कमाई तिच्या हिशोबात ‘घरात असणं’च आहे. म्हणून दोन कोड: कमाईचं काम ‘सुटलं’, कुणी सोडलं नाही आणि घरातून केलेली कमाई कामात न मोजणं.

‘मग करावंच लागतं’: कर्ता नसलेलं कर्तव्य. ‘मला करावं लागतं’ हेही नाही, नुसतं ‘करावंच लागतं’. मराठीत कर्ता गाळून बोलणं सहज चालतं, त्यामुळे एका वाक्यावरून काही म्हणता येत नाही. पण कोड देऊन ठेवला की पुढच्या मुलाखतींत कोण असं बोलतं आणि कोण ‘मी’ म्हणतं हे पाहता येतं.

‘मला आई म्हणतात आता… एवढ्या मायेने कधी हाक मारली नव्हती’: नातं उलटलं, आणि न मिळालेली माया मिळाली. याला ‘भूमिकाबदल’ असा कोड देता आला असता. पण त्यात तेवीस वर्षांचा हिशोब येत नाही, आणि या वाक्यातली कळ तिथेच आहे.

साधन कोणतंही चालतं. मी एक्सेल वापरते, पाच रकाने: मुलाखत क्रमांक, ओळ क्रमांक, उतारा, कोड, टीप. एका तुकड्याला दोन कोड असतील तर दोन ओळी. शोधताना एक काळजी घ्यायची. देवनागरीत एकच शब्द दहा रूपांत येतो, म्हणून पूर्ण शब्द शोधला तर निम्मे हाती लागत नाहीत. ‘सुटलं’ऐवजी ‘सुट’ शोधा, म्हणजे सुटलं, सुटली, सुटका, सुटतील हे सगळं मिळतं. अर्थात ‘सुट्टी’ही येते, ती हाताने काढायची.

तीन मुलाखतींचे कोड झाले की थांबून मागे जा. पहिल्या मुलाखतीचे कोड नेहमी कच्चे असतात, कारण तेव्हा काय पाहायचं हे आपल्यालाच कळलेलं नसतं. दुसरी फेरी बाराव्या मुलाखतीकडून पहिलीकडे करा, म्हणजे शेवटच्या मुलाखतींना थकलेली नजर मिळत नाही. बारा मुलाखतींतून शंभर-सव्वाशे कोड निघाले तर घाबरू नका. पंचवीसच निघाले तर बहुतेक ते कोड नसून डबे आहेत.

थीम उभी करणं

थीम ‘सापडत’ नाही. कोडचे गट करून, मोडून, पुन्हा करून ती उभी करावी लागते. मी कोड कागदाच्या चिठ्ठ्यांवर छापते आणि जमिनीवर पसरते. पडद्यावर शंभर ओळी एकदम दिसत नाहीत, जमिनीवर दिसतात.

आता मुख्य मुद्दा. विषय वेगळा आणि थीम वेगळी. ‘कुटुंबाची मदत’ हा विषय आहे. त्याखाली मदत मिळते, मिळत नाही, नको असते, असं परस्परविरोधी काहीही मावतं. थीममध्ये एक म्हणणं असतं, आणि तिच्यातले सगळे उतारे त्या एका म्हणण्याच्या वेगवेगळ्या बाजू दाखवतात. ओळखायची खूण: थीम पूर्ण वाक्यात सांगता येते का, आणि त्या वाक्याशी कुणी असहमत होऊ शकतं का? ‘कुटुंबाची मदत’शी कुणी असहमत होऊ शकत नाही, कारण ती काही म्हणतच नाही.

उदाहरणात पहिल्या मांडणीत चार ढीग झाले.

पहिला: ठरवण्याचा क्षण नाही, घरात असणं हेच कारण, काम सुटलं, कर्ता नसलेलं कर्तव्य. वाक्य असं: जबाबदारी कुणी दिली नाही आणि कुणी घेतली नाही, ती आधीच ठरलेल्या जागी येऊन पडली.

दुसरा: नातं उलटलं, सासूची माया उशिरा मिळाली, जुनं बोलणं आठवतं पण आता रागवायचं कुणावर, त्यांना आठवत नाही मला आठवतं. वाक्य: आजाराने सासूच्या स्मृतीतलं नातं पुसलं, पण सुनेच्या स्मृतीत ते तसंच आहे, आणि ती त्या दोन्हींच्या मध्ये राहून काळजी घेते.

तिसरा: कुणाची मदत होते, कुणाची नाही. हा डबा होता. पण त्यातले कोड एकेक करून पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. ‘ते औषधं आणून देतात, खूप मदत करतात’, ‘नणंद रोज फोन करून विचारते’ हे मदत म्हणून सांगितलं होतं. रात्री तीनदा उठून अंथरूण बदलणं मात्र कुठेच ‘मदत’ किंवा ‘काम’ या शब्दाखाली आलं नव्हतं. इतरांचं मोजलं जातं, तिचं मोजलं जात नाही. हे पहिल्या थीमचंच म्हणणं आहे, म्हणून ते कोड तिकडे गेले आणि तिसरा ढीग मोडला.

चौथा ढीग मला फार आवडला होता. ‘सुट’ शोधल्यावर शिवणकाम ‘सुटलं’ मिळालं, ‘माझी आता सुटका नाही’ मिळालं, आणि तीन मुलाखतींत ‘त्या एकदाच्या सुटतील’ मिळालं. एकच शब्द, सगळीकडे. ‘सुटका’ नावाची थीम डोळ्यांपुढे उभीच राहिली.

तपासणं, आणि आवडती थीम सोडणं

तपासणी दोनदा करायची. आधी प्रत्येक थीमखालचे सगळे उतारे सलग वाचायचे: ते एकच म्हणणं म्हणतात का? मग थीम बाजूला ठेवून बाराही मुलाखती पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या: थीममध्ये न बसणारं, तिला उलटं जाणारं काय आहे?

‘सुटका’ पहिल्याच तपासणीत पडली. उतारे सलग वाचल्यावर दिसलं की शिवणकाम सुटणं म्हणजे हातातून जाणं, ‘माझी सुटका नाही’ म्हणजे अडकणं, आणि ‘त्या सुटतील’ म्हणजे मरण, तेही दुसऱ्याचं, आणि त्यांच्या भल्याच्या भाषेत. शब्द एक, म्हणणी तीन. मराठीचा हा शब्द श्रीमंत आहे, पण शब्द सारखा असला म्हणून अर्थ सारखा होत नाही. ढीग मोडला. कोड आपापल्या जागी गेले आणि ‘त्या सुटतील’ हा कोड एकटा उरला. तो आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. तीन जणींनी म्हटलेली मन हलवणारी गोष्टसुद्धा प्रश्नाबाहेरची असेल तर थीम होत नाही. तिच्यासाठी वेगळा लेख लिहावा.

पहिली थीम दुसऱ्या तपासणीत अडखळली. मुलाखत ९, पत्नी, वय ७४:

> मुलांनी सांगितलं, बाई ठेवू. मी म्हटलं, नाही. पंचावन्न वर्षांचा संसार, परक्या बाईने ह्यांना आंघोळ घालायची? मी करीन. माझ्याच्यानं होईल तोवर मीच करीन.

इथे ठरवण्याचा क्षण आहे, संवाद आहे, ‘मी’ तीनदा आहे. थीमचं वाक्य हिला लागू होत नाही. अशा वेळी दोन चुका होतात. एक, हा उतारा गप्प बाजूला ठेवणं. दुसरी, एका उताऱ्यासाठी ‘काहींना निवड वाटते, काहींना वाटत नाही’ असं वाक्य पातळ करणं. ते वाक्य पुन्हा डबाच झालं.

त्याऐवजी विचारायचं: फरक कुठल्या रेषेवर पडतोय? चारही पत्नींच्या मुलाखती याच एका प्रश्नासाठी परत वाचल्या. तिघी ‘मी ठरवलं’ किंवा ‘मी दिलं नाही कुणाला’ अशा कर्त्याच्या भाषेत बोलतात. एक बोलत नाही. बारा जणांतला एकमेव मुलगा म्हणतो, ‘मी ठरवलं आणि नोकरी सोडली.’ तो सोडलं म्हणतो, सुटलं म्हणत नाही. सहाही सुनांच्या कथनात मात्र ठरवण्याचा क्षण नाही.

आता थीम बदलली आणि धारदार झाली: काळजी घेणं सगळ्यांच्या वाट्याला आलं, पण ‘मी ठरवलं’ असं सांगता येण्याची जागा सगळ्यांना नाही, सुनेच्या कथनात ती जागाच नाही. जिने आधी थीम मोडली, तिच्यामुळेच आता थीम उभी आहे.

मर्यादाही इथेच लिहायची. एका मुलाच्या मुलाखतीवरून ‘पुरुष असे बोलतात’ म्हणता येत नाही. तो फक्त दाखवतो की वेगळं बोलणं शक्य आहे. आणि जी पत्नी या रेषेत बसत नाही ती प्रबंधातही दिसली पाहिजे. आणखी एक सावधगिरी: ती ‘ठरवलं’ म्हणते म्हणून तिला खरंच पर्याय होता, असं सिद्ध होत नाही. आपल्याजवळ तिचं सांगणं आहे. प्रत्यक्ष काय घडलं याची नोंद आपल्याजवळ नाही.

व्याख्या आणि नाव

प्रत्येक थीमसाठी दीडदोनशे शब्दांचं टिपण लिहा: तिचं म्हणणं काय, तिच्या कडा कुठे संपतात, आणि जवळचं असूनही तिच्यात काय येत नाही. दुसऱ्या थीमच्या टिपणात मी लिहीन: ‘लहान मुलासारखं भरवावं लागतं’ हे उतारे इथे येत नाहीत, कारण त्यांत जुन्या नात्याचा हिशोब नाही, फक्त काम कसं आहे याचं वर्णन आहे. टिपण लिहिता येत नसेल, किंवा लिहिताना दोन वेगळी म्हणणी निघत असतील, तर थीम अजून तयार नाही.

नाव बोलणाऱ्यांच्या शब्दांतून आलं तर चांगलं, पण त्या शब्दांनी थीमचं म्हणणं पेललं पाहिजे. पहिलीला ‘ठरलं असं नाही काही’, दुसरीला ‘मला आई म्हणतात आता’. पुढे अपूर्णविराम देऊन एका ओळीत म्हणणं लिहायचं. अशा अभ्यासात दोन ते चार थीम पुरतात. आठ थीम असलेला प्रबंध दिसला की त्यात बहुधा विषयांची अनुक्रमणिकाच असते.

लिहिताना

उतारा द्यायचा आणि खाली तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं, ही सवय मोडायला हवी. ‘यावरून असे दिसते की सहभागीला काळजी घ्यावी लागते’ या वाक्याने काही दिलं नाही. उताऱ्यात वाचकाच्या नजरेतून निसटणारं दाखवा: ‘ठरलं’ हे क्रियापद तिने कसं परतवलं, ‘ना’ कुठे आला, शिवणकामाला कर्ता का नाही. एका थीमला तीन-चार उतारे पुरतात, आणि ते एकाच बोलक्या बाईचे नकोत. एक्सेलमध्ये मुलाखत क्रमांकाने चाळून पाहिलं की कुणाचा आवाज जास्त आला आणि कुणाचा आलाच नाही ते लगेच कळतं.

ओळख लपवणं म्हणजे नाव बदलणं, एवढंच नाही. शिवणकाम करणारी सून, मुंबईचा दीर, ७८ वर्षांची सासू: गावात आणि नात्यात कुणीही ओळखेल, आणि ओळखलं तर त्रास तिलाच. तपशील बदला, पण कुठला तपशील अर्थ पेलतो हे पाहून. शिवणकामाचं पापड-लोणची केलं तर चालेल, कारण तेही घरातून केलेली कमाई आहे. त्याची शाळेतली नोकरी केली तर ‘मी घरातच असते ना’ या वाक्याचा जीवच जातो. दीर पुण्याला पाठवला तरी काही बिघडत नाही.

काही वाक्यं येतात ती कोडच्या रकान्यात भरून पुढे जाण्यासारखी नसतात. ‘एकदा हात उचलला गेला माझ्याकडून’ असं ती म्हणाली, किंवा ‘वाटतं दोघींनी एकदमच जावं’ असं म्हणाली, तर त्याचं काय करायचं हे मुलाखतीआधीच नैतिक समितीच्या अर्जात लिहिलेलं हवं: कुणाला कळवायचं, तिला कुणाचा नंबर द्यायचा, सासूबाईंच्या सुरक्षिततेचं काय. ट्रान्स्क्रिप्ट तीन महिन्यांनी वाचताना हे पहिल्यांदा दिसलं, तर फार उशीर झालेला असतो. म्हणून त्याच रात्री रेकॉर्डिंग एकदा ऐका, किमान हे शोधण्यासाठी.

प्रबंध इंग्रजीत द्यायचा असेल तर भाषांतर फक्त छापायच्या उताऱ्यांचं करा, तेही विश्लेषण पूर्ण झाल्यावर. आधी भाषांतर केलं असतं तर ‘ते सुटलं’चं सहज ‘मी ते सोडून दिलं’ झालं असतं, कारण इंग्रजी वाक्य कर्ता मागतं. आणि मग सून आणि मुलगा एकाच वाक्यात बोलताना दिसले असते, आणि वरची थीम कधी उभीच राहिली नसती. छापताना मूळ मराठी उतारा देवनागरीत वर, भाषांतर खाली, आणि जिथे भाषांतराने कर्ता घुसवला तिथे एक तळटीप: मूळ क्रियापदाला कर्ता नाही.